आत्ता किती आले ते सांगा

जूनचा दुसरा आठवडा म्हणजे वर्तकनगरात मोहितेकाकांच्या दुकानासमोर पाय ठेवायला जागा नसते. शाळा उघडतात, पाऊस पण तेव्हाच मुहूर्त बघून येतो, आणि अख्ख्या ठाण्यातल्या आयांना एकाच संध्याकाळी आठवतं की वह्यांना कव्हरं घालायची राहिलीत. ब्राउन पेपरचे रोल, नावाची लेबलं, चौकटीच्या वह्या, दुरेघी, चाररेघी, कंपास, आणि बाहेर ताडपत्रीवरून गळणारं पाणी थेट झेरॉक्स मशीनवर पडू नये म्हणून लावलेली बादली.

त्या दिवशी सकाळपासून साउंडबॉक्स मुका झालेला. चार्जिंग संपलं होतं, आणि प्लग एकच, त्याच्यावर झेरॉक्स. मग काय, लोक पैसे भरून मोबाईल पुढे करणार, काका झालं बघा, आणि काका मान डोलावणार. चष्मा कपाळावर, हातात कात्री, कोण बघतंय खरंच झालं का ते! पौर्णिमा, म्हणजे काउंटरवरची मुलगी, दोनदा म्हणाली काका लावू का चार्जिंगला, तर काका म्हणाले थांब, आधी या बाईंच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स होऊ देत.

साडेबाराच्या सुमारास फोन आला. अनोळखी नंबर.

"नमस्कार. दत्तात्रय शंकर मोहिते साहेबांशी बोलतोय का मी?"

पूर्ण नाव, तेही वडिलांच्या नावासकट, आणि असं स्वच्छ मराठी! काकांच्या बँकेतून एरवी जे फोन येतात ते लोनसाठी, आणि समोरचा पहिल्या वाक्यापासून मराठी सोडून सगळं बोलतो, काका मराठीत उत्तर देतात आणि फोन कट होतो. हा मुलगा "आपण", "कृपया", "साहेब" म्हणत होता. आता नावाचं म्हणाल तर काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड कुणीही स्कॅन केला की बँकेतलं पूर्ण नाव समोर येतं, त्यात गुपित काहीच नाही, पण हे गर्दीच्या वेळी सुचत नाही. काका खुर्चीवर बसले. खरं तर दिवसभरात पहिल्यांदाच बसले.

"साहेब, मी आपल्या बँकेच्या मर्चंट विभागातून बोलतोय. आपल्या दुकानाचं केवायसी अपडेट नसल्यामुळे आज सकाळपासून आपल्या खात्यावर होल्ड लागलाय. गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर पेमेंट झालेलं दिसतंय, पण आपल्या खात्यात पैसे जमा होत नाहीयेत. आपल्याकडे आवाज येतोय का मशीनचा?"

काकांनी साउंडबॉक्सकडे बघितलं. मुका.

"नाही हो. सकाळपासून गप आहे."

"बघा."

त्या एका "बघा"नं काम केलं. काकांच्या डोक्यात हिशोब सुरू झाला, सकाळपासून निदान सात-आठ हजारांची विक्री ऑनलाइन झालेली, ते कुठे लटकले असतील? आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या होलसेलवाल्याला वह्यांचा चेक दिलेला होता, तो उद्या लागणार. चेक परत गेला तर ऐन सीझनमध्ये माल बंद. तो माणूस तसा चांगला, पण चेक बाउन्स झाला की त्याच्यासाठी सगे भाऊपण परके.

"मग काय करायचं?"

"काही नाही साहेब, आपल्याला शाखेत येण्याची पण गरज नाही, एवढ्या पावसात कशाला येता. दोन मिनिटांचं काम आहे. आपलं डेबिट कार्ड जवळ आहे का?"

होतं. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, रबरबँड लावलेल्या बिलांच्या खाली. काकांनी नंबर वाचला, चार चार आकडे करून. मग तारीख. मग मागचे तीन आकडे. (मुलगा पुण्याहून दर रविवारी फोनवर हेच सांगायचा की हे कुणाला सांगू नका, पण त्याच्या मते काका सगळंच चुकीचं करतात, त्यामुळे त्याचं सांगणं घरात कधीच कुणी मनावर घेत नाही.)

"काका, दोन ए फोर शिट आणि एक ग्राफ बुक," समोरून कोणीतरी म्हणालं. काकांनी हातानेच पौर्णिमाला खूण केली. झेरॉक्सवाली बाई गेली होती, तर पौर्णिमानं जाता जाता प्लग मोकळा करून साउंडबॉक्सची वायर खोचली. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"साहेब, आता आपल्याला एक सहा आकडी कोड आला असेल. तो होल्ड काढायचा कोड आहे. तेवढा सांगा, की लगेच खातं चालू."

फोन कानापासून लांब धरला. वर पट्टी आलेली, अर्धीच दिसत होती:

```
483016 is OTP for txn of INR 49,5...
```

पुढचं कापलेलं. चष्मा कपाळावर आहे हे विसरून काकांनी हात लांब केला, डोळे बारीक केले. आकडे तेवढे मोठे दिसले.

"हां आलाय. चार... आठ... तीन..."

"चाळीस रुपये प्राप्त झाले."

साउंडबॉक्स बोलला! ग्राफ बुकवाल्या मुलानं पैसे भरले होते. सकाळपासून बंद असल्यामुळे की काय, आवाज एकदम मोठा वाटला, झेरॉक्सच्या रांगेतली माणसं पण दचकली.

काका थांबले. तोंडात "शून्य" तयार होता.

"साहेब? पुढचे तीन?"

"नाही म्हणजे... आत्ता पैसे आले ना. तुम्ही तर म्हणालात येत नाहीयेत."

फोनवर जरासं थांबून तो म्हणाला, "हो साहेब, मलाही दिसतंय इथे स्क्रीनवर, चाळीस रुपये. मी अर्धं प्रोसेस केलंय ना, म्हणून ते शेवटचं आत आलं. पण आता कोड पूर्ण टाकला नाही तर परत बंद होईल, मग पंधरा दिवस खातं उघडणार नाही."

ऐकायला पटण्यासारखं होतं. वाईट म्हणजे काकांना पटायचंच होतं, एवढं छान बोलणाऱ्या पोराला खोटं पाडायचं जिवावर येतं. पण तीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाचा एक स्वभाव असतो, पैसे आले म्हणणाऱ्याला तो किती आले विचारतो, आणि मग स्वतः मोजतो. चाळीस हा आकडा त्या मशीननं सगळ्या गल्लीला ऐकवला होता. यानं फोनवर ऐकला असेल की खरंच स्क्रीनवर बघितला?

"एक मिनिट हां," काका म्हणाले. "गिऱ्हाईक आहे."

साउंडबॉक्स उचलला, बाजूचं वजाचं बटण दाबत दाबत आवाज पार खाली आणला आणि डबा मांडीवर घेतला. फोनच्या माईकवर अंगठा. पौर्णिमाला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तुझ्या फोनवरून टाक गं मला. काहीही. दोन रुपये टाक."

"काय?"

"टाक म्हणतो ना."

तिनं टाकले. मांडीवरचा डबा पुटपुटला, दोन रुपये प्राप्त झाले, फक्त काकांना ऐकू येईल इतपत.

अंगठा काढला. "हां, बोला. तुमच्यासमोर माझं खातं उघडं आहे ना?"

"हो साहेब, समोरच आहे."

"आत्ता किती आले?"

"साहेब, ते चाळीसच दिसतायत."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर काही नाही साहेब, सांगितलं ना होल्ड आहे, आपण कोड..."

"बरं. माझं दुकान कसलं आहे?"

"साहेब, वेळ निघून चाललाय, कोडची मुदत संपतेय—"

"कसलं आहे ते सांगा की. बँकेत लिहिलेलं असेल."

मग जो आवाज बदलला! "आपण" गेलं, "साहेब" गेलं, "ए म्हाताऱ्या, खातं बंद करून टाकीन, कोड देतो का नाही" इथपासून सुरुवात झाली आणि पुढचं काकांनी बायकोलाही सांगितलेलं नाही. मराठी मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं. काकांनी फोन ठेवला. लगेच परत आला, दुसऱ्या नंबरवरून. मग तिसऱ्या. पौर्णिमानं फोन काढून घेतला, ती पट्टी खाली ओढून पूर्ण मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, एकोणपन्नास हजार पाचशे रुपये, कुठल्याशा ऑनलाइन दुकानावर, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं की हा कोणाला सांगू नका. रांगेतले सगळे ऐकत होते. काकांनी चष्मा डोळ्यावर घेतला आणि परत एकदा स्वतः वाचला.

"काका, आता कार्ड बंद करा आधी," रांगेतला एक रिक्षावाला म्हणाला. "नंबर, तारीख, मागचे तीन, सगळं दिलंय तुम्ही. परत ट्राय करणार तो."

कार्डाच्या मागचा नंबर लावला. एक दाबा, तीन दाबा, मग परत एक दाबा, मध्ये गाणं, मग परत पहिल्यापासून. तेवढ्यात अजून एक कोड येऊन गेला, या वेळी रक्कम कमी, एकोणीस हजार. काका त्याच्याकडे बघून नुसते "अरे!" म्हणाले. शेवटी कार्ड ब्लॉक झाल्याचा मेसेज आला तेव्हा पौर्णिमानं ताडपत्रीखालची बादली बाहेर ओतली, कारण ती कधीच भरून वाहत होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

दुपारी दुकान पौर्णिमावर सोडून काका भिजत शाखेत गेले. तिथल्या मॅडमनी शिल्लक बघितली, जशीच्या तशी होती, उद्याचा चेक पण आरामात पास होणार होता. त्यांनी सांगितलं की पैसे गेले असते तर लगेच १९३० ला फोन लावायचा, जितका लवकर तितकं बरं, कारण पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. न गेलेल्या पैशांसाठी संचार साथीच्या साइटवर चक्षू म्हणून आहे, तिथे ते नंबर टाका. आणि कोड स्वतःच्या तोंडानं दिला असता तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच धरतात, हेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्याला माझ्या वडिलांचं नाव कसं माहीत?"

मॅडमनी स्वतःचा मोबाईल काढला. "तुमचा क्यूआर आहे का फोटोत?" होता, कुरिअरवाल्याला पाठवलेला. स्कॅन केला आणि स्क्रीन काकांकडे फिरवली.

काका जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे काढता येतं का?"

"नाही हो काका, ते तसंच असतं. नाव बघूनच लोक पैसे पाठवतात ना."

दुकानात परत आले तर गर्दी तेवढीच. पौर्णिमानं सगळ्या लायनीला गोष्ट सांगून झालेली होती, शेजारचा केमिस्ट, समोरचा वडापाववाला, सगळे काकांना बघून हसत होते, आणि गोष्टीत सांगून सांगून तीनाचे पाच आकडे झाले होते.

"तीनच सांगितले होते," काका म्हणाले.

"तीन म्हणजे अर्धं दिलंच की," केमिस्ट म्हणाला.

काकांनी उत्तर दिलं नाही. ब्राउन पेपरचा नवीन रोल काढला, साउंडबॉक्सचा आवाज परत वर केला. पौर्णिमा काउंटरच्या कडेला येऊन उभी.

"काका, माझे दोन रुपये?"

काकांनी गल्ला उघडला, चिल्लर चाळली, एक पाचाचं नाणं तिच्या हातावर ठेवलं.

"सुट्टे नाहीत. तीन परत दे."