घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांची व मौल्यवान वस्तूंची नोंदवही
(कोथरूड, पुणे, १ एप्रिल २०२६ रोजी अद्ययावत)

गेल्या वर्षी बाबा गेल्यानंतर सोसायटीचे भागपत्र शोधण्यात आमचे चार महिने गेले आणि शेवटी ते जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सापडले, म्हणून ही वही केली आहे. नोंदी कागदाच्या प्रकारानुसार न लावता मूळ प्रत जिथे ठेवली आहे त्या जागेनुसार लावल्या आहेत. आधार, पॅन व खाते यांचे केवळ शेवटचे चार अंक लिहावेत. संकेतशब्द या वहीत कधीही लिहू नयेत.

बँकेतील लॉकर

लॉकर माझ्या व सौ.च्या संयुक्त नावे असून थोरली नामनिर्देशित आहे. वार्षिक भाडे एप्रिलमध्ये खात्यातून वळते होते. आमच्याकडील किल्ली देवघराच्या खालच्या खणात आहे. बँकेशी झालेल्या कराराची प्रत मात्र घरच्या कपाटात ठेवली आहे, कारण ती लॉकरमध्येच ठेवली तर गरजेच्या वेळी हाती येणार नाही.

आत आईच्या पाटल्यांची जोडी (४२ ग्रॅम), मोहनमाळ (३१ ग्रॅम), सौ.चे तोडे (३८ ग्रॅम) आणि चांदीचे ताम्हण आहे. पाटल्या व मोहनमाळ जुन्या घडणीच्या असल्याने त्यांवर हॉलमार्क नाही. तोडे २०२४ मधील असून त्यांवरील सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी पावतीवरही आहे. नथ सणासुदीला लागते म्हणून ती घरीच, आईच्या डब्यात आहे.

माझे नोंदणीकृत मृत्युपत्र आणि वाईजवळच्या जमिनीचे पणजोबांच्या नावचे १९३८ चे मोडी खरेदीखतही याच लॉकरमध्ये असून खरेदीखताचे देवनागरी लिप्यंतर त्यालाच जोडले आहे. या खरेदीखताला कोणीही लॅमिनेशन करू नये. घडीवर ते आधीच विरत चालले आहे.

कर्ज देणारी बँक

सदनिकेचे मूळ खरेदीखत व सूची क्रमांक २ बँकेकडे तारण आहेत. घरी आहेत त्या छायाप्रती, आणि त्यांना कोणीही मूळ समजू नये. शेवटचा हप्ता मार्च २०२९ मध्ये आहे. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा असतो, आणि तिच्या चुकीने उशीर झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यायची असते. त्यामुळे कर्ज फेडल्याच्या पत्रावरील तारीख त्याच दिवशी या वहीत उतरवावी.

शयनगृहातील लोखंडी कपाट, वरचा खण

निळ्या फाइलमध्ये सर्वांचे जन्मदाखले, आमचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती आणि सोसायटीचे भागपत्र आहे. भागपत्र अजून बाबांच्या नावावर आहे. हस्तांतराचा अर्ज दिला असून त्याची पोच मागेच लावली आहे.

पासपोर्ट लाल पाकिटात आहेत. धाकट्याचा पासपोर्ट १० जून २०२१ रोजी निघाला. तेव्हा तो अकरा वर्षांचा असल्याने मुदत पाचच वर्षांची मिळाली आणि ती ९ जून २०२६ रोजी संपते. यंदाचे हे सर्वांत निकडीचे काम आहे. तो आता सोळा वर्षांचा असल्यामुळे दहा वर्षांची मुदत मागता येईल आणि ती मागावी. माझ्या व सौ.च्या पासपोर्टांची मुदत फेब्रुवारी २०३१ पर्यंत आहे.

आरोग्य विम्याचे नूतनीकरण दरवर्षी १७ जुलैला येते. त्यापुढे ३० दिवसांची सवलत असली, तरी हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांतील आजारपणाचा खर्च मिळत नाही, म्हणून १० जुलैपर्यंत पैसे भरावेत. माझे भविष्य निर्वाह निधीचे टपाल खाते (पीपीएफ) ३१ मार्च २०२५ रोजी पूर्ण झाले. ते मुदतीत अर्ज देऊन ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवले असून पासबुक याच खणात आहे.

आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश हिरव्या पाकिटात आहे. हयातीच्या दाखल्यासाठी तिला दर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेत नेण्याची जबाबदारी थोरलीची आहे.

गाडीत

नोंदणीपत्र १ नोव्हेंबर २०३१ पर्यंत, विमा १ नोव्हेंबर २०२६ पर्यंत आणि पीयूसी २२ सप्टेंबर २०२६ पर्यंत वैध आहे. विम्याची एक प्रत कपाटातही ठेवली आहे.

वाईजवळचे घर

तेथे धाकट्या काकांकडे जुने फेरफार उतारे व शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत. सातबारा कुठे ठेवला आहे, असे कोणी विचारू नये. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा केव्हाही काढता येतो आणि कामाला तोच लागतो. बाबांच्या पश्चात वारस नोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात दिला आहे. नोंद प्रमाणित झाल्यावर फेरफार क्रमांक येथे लिहावा.

बाहेर गेलेले कागद

२४ मार्च २०२६: थोरलीने पदवीच्या प्रवेशासाठी आपला मूळ जन्मदाखला नेला आहे. परत ठेवल्यावर तिने याच ओळीपुढे तारीख घालून सही करावी.