परिचर्या आराखडा: बायपोलर डिसऑर्डर, मॅनिक अवस्था (पुरुष मनोविकार कक्ष, बेड ७)

लिहिल्याची तारीख: ९ सप्टेंबर २०२५, सकाळ. पहिला फेरआढावा: १२ सप्टेंबर. तिन्ही शिफ्टनी ओव्हर घेताना वाचायचा.

रुग्णाची माहिती

पुरुष, वय ३४, विवाहित, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ८ सप्टेंबरला दुपारी चार वाजता पत्नी आणि धाकट्या भावाने आणलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ८९ खाली दाखल. पत्नीच नामनिर्देशित प्रतिनिधी आहेत. या कलमाखालची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, आणि रुग्ण स्वतःहून राहायला तयार झाला की कलम बदलायचं असतं. तेव्हा रोज एकदा शांतपणे विचारायचं आणि उत्तर फाइलमध्ये लिहायचं.

निदान २०१९ पासूनचं. लिथियमवर बरी चार वर्षं नीट गेली. हात कापतात म्हणून मे महिन्यात गोळ्या स्वतःच बंद केल्या. गणपतीत मंडळाची सजावट आणि ढोल पथकाचा सराव यामुळे सलग जागरणं झाली. विसर्जनानंतर घरचे सगळे थकून झोपले, हे मात्र जागेच होते. दोन दिवसांत दुकानाच्या खात्यातून उधारीवर चार स्पीकर घेतले, रात्री तीनला मोटरसायकल काढली आणि भावाने चावी काढून घेतल्यावर त्याच्यावर हात उचलला.

दाखल होताना: नाडी ११२, रक्तदाब १४६/९२, ताप नाही. जीभ कोरडी, लघवी गडद. वजन ५८ किलो, उंची १६९ सेंमी. पत्नीच्या सांगण्यानुसार गणपतीआधी वजन ६३ होतं. यंग मॅनिया स्केल ३६. क्रिएटिनिन १.०, सोडियम १३९, टीएसएच नॉर्मल, ईसीजीमध्ये विशेष काही नाही. कमरेला ढोलाच्या पट्ट्याचे वळ, उजव्या तळहाताला आणि दोन्ही टाचांना फोड. पहिल्या रात्रीची झोप एकूण दीड तास. मरणाचे विचार आज नाकारतात.

डॉक्टरांची ऑर्डर: ओलान्झापिन १० मि.ग्रॅ. आणि लोराझेपाम २ मि.ग्रॅ. रात्री साडेआठला. लिथियम कार्बोनेट आज रात्रीपासून, सकाळी ३०० आणि रात्री ६०० मि.ग्रॅ. अस्वस्थता वाढली तर आधी लोराझेपाम २ मि.ग्रॅ. तोंडी. तोंडी घेतलंच नाही आणि धोका समोर दिसत असेल तरच हॅलोपेरिडॉल ५ आणि प्रोमेथाझिन ५० मि.ग्रॅ. इंजेक्शन, तेही ड्यूटी डॉक्टरांना बोलावून.

आधी काय सांभाळायचं

सुरक्षितता, झोप, आहार हा क्रम कागदावर ठीक आहे. पण या रुग्णाची गाडी झोपेपाशी घसरली आहे, तेव्हा उरलेल्या दोन्ही गोष्टी झोपेला धक्का न लावता करायच्या. आपल्या वॉर्डची रोजची शिस्त इथे आडवी येते: रात्रभरची ट्यूबलाइट, पहाटे पाचचा रक्तदाब, मध्यरात्रीची ॲडमिशन. या तिन्हींबद्दल खाली स्पष्ट लिहिलं आहे.

सुरक्षितता

बेड ३ वरून बेड ७ वर हलवलं आहे. नर्सिंग स्टेशनमधून दिसतं, पण टीव्ही आणि मुख्य दारापासून लांब आहे. लायटर, पट्टा, दाढीचं ब्लेड, चावीचा जुडगा आणि चांदीची साखळी यादी करून पत्नीच्या ताब्यात दिली, सही घेतली. मोबाइल आणि एटीएम कार्डही घरी गेलं. फोन हवा असेल तर संध्याकाळी पाचला वॉर्डच्या फोनवरून दहा मिनिटं, पत्नीशी किंवा आईशी. गिऱ्हाइकांशी नाही.

पहिले ७२ तास दर १५ मिनिटांनी नजर टाकून नोंद. ती ठरावीक मिनिटाला करू नका, वेळ पुढेमागे ठेवा. दार उघडण्याच्या वेळा, म्हणजे जेवणाची ट्रॉली आणि भेटीची वेळ, पळून जाण्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. तेव्हा एक मामा दारापाशीच थांबेल.

मोठेपणाच्या गोष्टींवर वाद घालायचा नाही, हो ला हो पण मिळवायचं नाही. एवढंच पुरे: "अहो, मंडळाचं आपण उद्या सकाळी बोलू. आत्ता इथे बसा, दोन घास खा." वाक्यं छोटी, आवाज खालचा, एका वेळी एकानेच बोलायचं. हे गृहस्थ हजरजबाबी आहेत, टोमणेही मारतात. हसू आलं तरी टोलवाटोलवी करू नका, त्यातून पाच मिनिटांत चढतात. एका शिफ्टने नाकारलेलं दुसऱ्या शिफ्टकडून मिळवायचा प्रयत्न कालच झाला (चहा आणि फोन). म्हणून काय चालेल, काय नाही, हे इथे लिहिलं आहे तसंच सगळ्यांनी सांगायचं.

अंगावरचे कपडे काढणं, स्टाफशी लगट करणं असं झालं तर ओरडायचं नाही. चादर द्या, बाजूला न्या, लगेच दुसऱ्या कामाला लावा. बरे झाल्यावर त्यांना हे सगळं आठवतं. वॉर्डात त्यावरून थट्टा झालेली चालणार नाही.

चढण्याआधीच्या खुणा पत्नीने सांगितल्या आहेत: मूठ उघडझाप, टेबलावर ताल धरणं, एकच वाक्य वाढत्या आवाजात पुन्हा पुन्हा. या दिसल्या की मागच्या व्हरांड्यात मामांबरोबर फिरवायचं, मग तोंडी गोळी. बांधून ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि तो कलम ९७ प्रमाणेच: दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही आणि इजा होणार हे दिसतंय तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या मंजुरीने, गरजेपुरत्या वेळेसाठी. कारण आणि वेळ लिहायची, पत्नीला २४ तासांच्या आत कळवायचं. एकट्याला खोलीत कोंडणं कायद्याने बंद आहे, आणि ते "थोड्या वेळासाठी" सुद्धा बंद आहे.

मरणाचा विचार येतो का, हे रोज विचारायचं. मॅनियात रडू आणि चिडचिड एकत्र दिसू लागली की धोका वाढतो. असं दिसलं तर त्याच वेळी डॉक्टरांना कळवा, राउंडची वाट पाहू नका.

टाचांचे फोड सकाळ-संध्याकाळ स्वच्छ करून ड्रेसिंग, पायात मऊ चप्पल. कंबरदुखीसाठी ते सारखं इंजेक्शन मागतात. पॅरासिटामॉलच द्यायचं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नाही, त्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. भेटीला येणाऱ्यांनी खिशातून गोळी देऊ नये हे भावाला वेगळं सांगितलं आहे.

झोप

लक्ष्य: १२ तारखेपर्यंत रात्री सलग ४ तास, १६ पर्यंत ६ ते ७ तास.

संध्याकाळी सातनंतर भेट नाही. साडेसातला जेवण, मग कोमट पाण्याने अंघोळ, आठला त्यांच्या बाजूचे दिवे बंद आणि पडदा ओढलेला. साडेआठला गोळ्या, तोंड उघडून बघायचं. गोळी घेतल्यावर लगेच पडायला सांगा. गप्पांना बसले की औषधाची गुंगी निसटते आणि पुढे दोन तास हाती लागत नाहीत.

नाईटने दर अर्ध्या तासाला झोपेच्या तक्त्यात खूण करायची. टॉर्च जमिनीकडे, चेहऱ्यावर नाही. डोळे मिटून पडलेत म्हणजे झोप नव्हे, श्वास पाहून लिहा. जागे झाले तर "झोपा" म्हणून आग्रह नको. पाणी, लघवी, परत अंथरूण, बोलणं दोन वाक्यांच्या आत. रात्री दीडनंतर लोराझेपाम पुन्हा द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

झोपलेले असतील तर पहाटेचा रक्तदाब आणि नाडी घ्यायची नाही, उठल्यावर घ्या. तशी लेखी ऑर्डर घेतली आहे. मावशींनी झाडलोट त्यांच्या बाजूला साडेसातनंतर करावी.

दिवसा साडेदहा आणि अडीचला वीस-वीस मिनिटं शांत बसणं किंवा पडणं. डोळा लागला तर पाऊण तासाने हलकेच उठवा. दमलेल्या शरीराला थोडी विश्रांती लागते, पण रात्रीची झोप दुपारी खर्च व्हायला नको. चहा: सकाळी सात आणि अकराला अर्धा-अर्धा कप, नंतर नाही. घरी दिवसाला दहा-बारा कप चालू होते. एकदम कमी झाल्याने डोकं दुखेल, आणि कॅफिन घटलं की लिथियमची पातळी थोडी चढते, हे पुढचा रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा.

ओलान्झापिन आणि लोराझेपामनंतर उठताना तोल जाऊ शकतो. रात्री लघवीला जाताना सोबत असावी. रक्तदाब आडवं आणि उभं राहून, दोन्ही.

आहार आणि पाणी

लक्ष्य: दिवसाला सुमारे २६०० किलोकॅलरी, द्रव अडीच ते तीन लिटर, आठवड्यात किमान एक किलो वजनवाढ. वजन रोज सकाळी अंघोळीनंतर, त्याच काट्यावर.

ताटावर बसतील ही अपेक्षा सोडा. काल दोन मिनिटांत उठले आणि पोळी-भाजी शेजारच्यांना वाटून टाकली. म्हणून चालता चालता हातात धरून खाता येईल असं दर दोन तासांनी:

- लोणी लावलेलं थालीपीठ, पोळीत गुंडाळलेली अंडाभुर्जी, मुगाचं धिरडं
- उकडलेली अंडी, केळं, शेंगदाण्याचा लाडू, खजूर
- पेल्यात: ताक, दूध घालून सातू, पातळ खिचडी

"काय खाणार?" असं विचारू नका. दहा पदार्थ सांगतील आणि एकही खाणार नाहीत. "लाडू की केळं?" एवढंच. मामांनी बरोबर चालत स्वतःही एक घोट पाणी प्यावं, मग तेही पितात. जेवण इतरांपासून थोडं बाजूला, म्हणजे वाटप होणार नाही. प्रत्यक्ष पोटात गेलेलंच लिहायचं, हातात दिलेलं नाही.

लिथियम सुरू होत असल्याने मीठ नेहमीइतकंच. कमीही नको, जास्तही नको. उलटी, जुलाब, हातांचा जाड थरथराट, बोलणं जड होणं, चाल डगमगणं, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन. पहिली पातळी १५ तारखेला सकाळी साडेआठला, रात्रीच्या डोसनंतर बरोबर बारा तासांनी, सकाळची गोळी देण्याआधी. हवी असलेली पातळी ०.८ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. १.५ च्या वर गेली तर विषबाधा समजून चालायचं.

उद्या, बुधवारी, संकष्टी आहे आणि ते गेली अनेक वर्षं करतात. मोडायला लावू नका, भांडण ओढवेल. पत्नीशी बोलून ठरलं: दिवसभर राजगिऱ्याचा लाडू, रताळं, साबुदाण्याची खिचडी, दूध, आणि पाणी ठरल्याइतकंच. निर्जळी चालणार नाही. चंद्र उगवेपर्यंत झोपेची वेळ निघून जाईल. म्हणून पत्नी संध्याकाळी घरून मोदक पाठवतील आणि "तुमच्या वतीने मी चंद्र पाहते" असं फोनवर सांगतील. २२ तारखेला घट बसतात. नऊ दिवसांचा उपवास आणि अनवाणी राहणं यावर डॉक्टरांसमोर आधीच बोलणं व्हावं.

फेरआढावा, १२ सप्टेंबर

झोप: ९ च्या रात्री ३ तास, १० च्या रात्री अडीच, ११ च्या रात्री ५ तास (सलग चार). वजन ५८.६. लघवी फिकी, नाडी ९२. यंग स्केल २८. इंजेक्शन एकदा, १० ला रात्री. बांधावं लागलं नाही. मरणाचे विचार नाहीत.

१० ला झोप घटली ती संकष्टीमुळे नव्हे. साडेनऊला गोळ्यांच्या गुंगीत होते. अकराला बेड ८ वर नवीन रुग्ण आला, सगळे दिवे लागले, नातेवाईक मोठ्याने बोलत होते. त्यानंतर ते उठले ते पहाटेपर्यंत.

बदल: रात्री आठनंतरच्या ॲडमिशनची तपासणी आणि कागदपत्रं तपासणी खोलीतच. रुग्णाला बेडवर आणताना फक्त कोपऱ्यातला दिवा. बेड ८ शक्यतो १६ तारखेपर्यंत रिकामा. नजर ठेवणं दर ३० मिनिटांनी. ओलान्झापिन आज रात्रीपासून १५ मि.ग्रॅ. दुपारच्या खाण्यात एक अंडं वाढवलं. तिसरा चहा मागत आहेत, उत्तर तेच.

पुढचा आढावा १६ सप्टेंबर, लिथियमच्या रिपोर्टसह. त्या दिवशी पत्नीला बोलावून घरच्या झोपेचं वेळापत्रक, गोळ्यांचा डबा आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देणं सुरू करायचं.