डी. फार्म. प्रशिक्षणार्थीचे औषधवितरण मूल्यमापन

प्रति,
प्रशिक्षण समन्वयक, डी. फार्म. विभाग

विषय : आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी, हजेरी क्रमांक 27, आमच्या कर्वेनगर येथील दुकानातील प्रात्यक्षिक प्रशिक्षण

मॅडम,

नियमाप्रमाणे लागणारे 500 तासांचे प्रशिक्षण विद्यार्थिनीने पूर्ण केले असून त्यातले निम्म्याहून अधिक तास तिने प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवर औषधे काढण्यात घालवले आहेत. हजेरीबद्दल तक्रार नाही. पुढचे सर्व अचूकतेविषयी आहे.

शेवटच्या पंधरवड्यात तिने काढलेली 120 प्रिस्क्रिप्शने औषध रुग्णाच्या हाती जाण्यापूर्वी मी पुन्हा तपासली. त्यांत 9 चुका सापडल्या. चार लेबलच्या, दोन नगसंख्येच्या, एक ताकदीची (टेल्मिसार्टन 40 च्या जागी 80), एक सिरिंजची आणि एक मेथोट्रेक्सेटची. नऊही काउंटरवरच थांबल्या. पण या नऊपैकी सहा चुका कॉम्प्युटरवर छापलेल्या, स्वच्छ वाचता येणाऱ्या प्रिस्क्रिप्शनवर झाल्या, आणि तिच्याबद्दल मला सांगायचे आहे ते मुख्यतः हेच.

हस्ताक्षर वाईट असले की ही मुलगी फार चांगली आहे. एकाहत्तर वर्षांच्या आजोबांच्या चिठ्ठीवर थायरॉक्सिनचा आकडा 125 वाचता येत होता. तिने आधी वय पाहिले, मग खालच्या हृदयविकाराच्या गोळ्या पाहिल्या, आणि विचारले, "आजोबा, ही गोळी आधीपासून चालू आहे का?" पहिलीच वेळ होती. अशा रुग्णाला सुरुवातीलाच 125 मायक्रोग्रॅम कोणी देत नाही. तिने दवाखान्यात फोन लावला. आकडा 12.5 होता, पेनने टिंब नीट उमटले नव्हते. उत्तर आल्यावर चिठ्ठीच्या मागे वेळ आणि कोणाशी बोलली तेही लिहून ठेवले. हे तिला मी शिकवलेले नव्हते.

आता मेथोट्रेक्सेट. संधिवाताच्या बाईंची छापील चिठ्ठी, मेथोट्रेक्सेट 7.5 मि.ग्रॅ., पुढे 1-0-0, पंधरा दिवस. सॉफ्टवेअरने आपोआप भरलेली ओळ असावी. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर तोंडात फोड येणे, रक्तपेशी कमी होणे, जिवावर बेतणे, सगळे होऊ शकते. विद्यार्थिनीने 15 गोळ्या काढल्या आणि पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिले, "रोज सकाळी 1". अक्षर सुंदर होते. विचारल्यावर म्हणाली, "सर, प्रिंटेडच होतं." आठवड्याचा डोस तिला पाठ आहे. तोंडी परीक्षेत विचारला असता तर पटकन सांगितला असता. चिठ्ठी अडली नाही की तिचे डोके चालणे थांबते. फोन केल्यावर डॉक्टरांनी लगेच दुरुस्ती सांगितली. नवीन लेबलवर तिने "फक्त रविवारी" असा वारच लिहिला. तसेच हवे.

सिरिंजची गोष्टही त्याच जातीची. 40 आययूच्या इन्सुलिन व्हायलबरोबर तिने नारिंगी टोपीची 100 आययूची सिरिंज ठेवली. तिच्यावर 20 च्या खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात 8 युनिटच जातात. लाल टोपीची सिरिंज त्याच खणात होती. तेव्हापासून ती व्हायलवरचा आकडा मोठ्याने वाचून मगच सिरिंज उचलते. उरलेल्या काळात ही चूक पुन्हा झाली नाही.

लेबलिंगमध्ये प्रगती आहे, पण चार चुका राहिल्या. दोन पाकिटांवर रुग्णाचे नाव नव्हते. एकावर "जेवणाआधी" लिहायचे राहिले, आणि लहान मुलाच्या सिरपवर चमचा लिहिला, मि.ली. नाही. घरातला चमचा कोणता, हे कोणाला ठाऊक? स्ट्रिप कापताना बॅच आणि मुदत छापलेले टोक आमच्याकडे ठेवून उरलेला तुकडा द्यायची दुकानदारी सवय तिने इथल्याच मुलांकडून उचलली होती. तो दोष आमचा. आता ती ते टोक शेवटपर्यंत राखते आणि सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर मुदत लिहिते. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढते. शेड्यूल एच1 ची नोंदवही ती वेळच्या वेळी भरते. या बाबतीत दुकानातल्या जुन्या माणसांपेक्षा तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

समुपदेशन सुरुवातीला भाषणासारखे होते. सगळे सांगून शेवटी "समजलं ना?" आणि समोरचा मान हलवणार. पुण्यात काउंटरवर "नाही समजलं" म्हणणारा माणूस मी फार पाहिलेला नाही. मी तिला एकच वाक्य बदलायला सांगितले : "घरी गेल्यावर कसं घेणार, सांगा बघू." ते तिने मनावर घेतले. धायरीहून आलेल्या एका दम्याच्या काकांना असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाण्याबरोबर, सकाळ-संध्याकाळ." रोटाकॅप कित्येक महिने गिळत होते! तिने यंत्र मागवून घेतले, कॅप्सूल आत कशी बसवायची आणि श्वास कसा ओढायचा ते दाखवले, नंतर चूळ भरायला सांगितले, मग काकांकडून करून घेतले. मागे चार गिऱ्हाईके ताटकळली होती. तिने घाई केली नाही. गर्दीत मात्र हे रोज होत नाही. संध्याकाळी सात ते नऊच्या वेळेत ती पुन्हा भाषणावर येते.

चुका पकडण्याची चाचणी म्हणून मी सहा बनावट प्रिस्क्रिप्शने तयार केली, प्रत्येकात एक चूक पेरून. चार तिने पकडल्या : पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला ॲमॉक्सिसिलिन, नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल, दोन वेगळ्या नावांखाली पॅरासिटामॉल, आणि 9 किलोच्या बाळाला 5 मि.ली. मध्ये 250 मि.ग्रॅ. असलेले पॅरासिटामॉल सिरप पूर्ण 5 मि.ली. शेवटचे तिने वजनावरून कागदावर मांडून दाखवले : किलोला 15 मि.ग्रॅ. धरले तरी 135, म्हणजे जास्तीत जास्त 2.7 मि.ली. सुटलेल्या दोन म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कॅल्शियम एकाच वेळी, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसलेली चिठ्ठी. दोन्ही छापील होत्या.

श्रेणी अशी. प्रिस्क्रिप्शन वाचन : हस्तलिखितासाठी उत्तम, छापीलसाठी असमाधानकारक. लेबलिंग : चांगले. समुपदेशन : चांगले, गर्दीत साधारण. चुका पकडणे : समाधानकारक.

प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला द्यायला माझी हरकत नाही, सोबत सही करून पाठवत आहे. फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 42 प्रमाणे नोंदणी होईपर्यंत ती एकटीने औषध देऊ शकत नाहीच, पण नोंदणी झाल्यावरही पहिले काही महिने तिच्या मागे दुसरी तपासणी असेल अशाच दुकानात तिने लागावे, असे मी तिला तोंडी सांगितले आहे. आपणही सांगावे. पुढच्या तुकडीला सरावाच्या चिठ्ठ्या देताना अर्ध्या कॉम्प्युटरवर छापून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
पर्यवेक्षक फार्मासिस्ट, कर्वेनगर, पुणे