मैत्रिणीच्या लग्नाला येशील?

ए, एक विचारायचं होतं. आज कोर्टवरच विचारणार होते, पण सगळ्यांसमोर तुला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मेसेज करतेय, निवांत वाच.

21 तारखेला, शनिवारी, माझ्या कॉलेजच्या रूममेटचं लग्न आहे. जिच्याबद्दल मी सारखी बोलत असते ना, तीच. ती म्हणाली, सोबत कुणाला आणायचं असेल तर खुशाल आण. माझ्या डोक्यात पहिलं नाव तुझंच आलं. येशील माझ्याबरोबर?

कुणीतरी सोबत हवं म्हणून विचारत नाहीये. एकटीही गेले असते. पण गेल्या आठवड्यात ती नवीन मुलगी पहिल्यांदाच खेळायला आली होती, कोपऱ्यात रॅकेट धरून नुसती उभी होती, आणि तू आपली मॅच सोडून तिला सर्व्हिस शिकवत बसलास. त्या नादात तुझी बसही चुकली. जाताना ती हसत गेली. मला ते फार आवडलं. तुझ्याबरोबर एक संध्याकाळ बॅडमिंटन सोडून बाकीच्या गप्पा मारायला मिळाली तर छान वाटेल, एवढंच मनात आहे.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू होतो. हॉल शहराबाहेर आहे, गाडीने तासभर लागेल. मी गाडी घेऊन जाणार आहे, तुला घ्यायला येईन. स्वतःच्या गाडीने यायचं असेल तर तसंही चालेल, म्हणजे कंटाळा आला की केव्हाही निघता येईल. मी साधारण दहाला निघेन. गिफ्ट माझं घेऊन झालंय, तू काही आणू नकोस. कपड्यांचंही टेन्शन नको, त्या दिवशी ऑफिसच्या पार्टीला घातलेला निळा शर्ट मस्त दिसतो. माझ्या घरचे कुणी येणार नाहीयेत, त्यामुळे ओळखपरेडही नाही. मैत्रिणी मात्र दोन-तीन भेटतील आणि त्या भरपूर बोलतात, हे आधीच सांगून ठेवते.

जमणार नसेल किंवा नुसतं यावंसं वाटत नसेल, तर सरळ ‘नाही जमणार’ म्हण. कारण सांगायची गरज नाही, मी विचारणारही नाही. आपलं खेळणं, नंतरचा चहा, सगळं आहे तसंच राहील. हे मी मनापासून सांगतेय.

तिला पाहुण्यांचा आकडा 10 तारखेपर्यंत कळवायचाय, तोवर सांगितलंस तरी पुरे. मध्ये मी आठवण करून देणार नाही.

आणि हो, बुधवारी कोर्ट साडेसातला मिळालंय, सातला नाही. ग्रुपवर टाकलंय, पण तू ग्रुप बघत नाहीस.