विषय : संगणकावर तयार झालेला लोगो हाताने नीट करून देण्याबाबत

रेणुका भांडी भांडार,
भांडी बाजार, नाशिक
१२ जानेवारी २०२६

श्री. ओंकार यांस,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारच्या साडीवाल्यांच्या मुलीची लग्नपत्रिका तुम्ही केली होती. त्यातली नावाची अक्षरं मी अजून जपून ठेवली आहेत. तुमचा नंबर त्यांच्याकडूनच घेतला. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. पाटी जुनी झाली, पिशव्याही नवीन छापायच्या आहेत. माझ्या पुतण्याने एआयच्या एका ॲपवर वर्णन लिहून लोगो तयार करून घेतला. तो सोबत पाठवत आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे तुम्हाला कळलं असतं आणि आम्ही लपवलं असं वाटलं असतं. नवा लोगो मुळापासून करून घ्यायचा नाही, कारण यातली एक गोष्ट घरात सगळ्यांना आवडली आहे. वर कललेला तांब्या, त्यातून सुटलेली पाण्याची धार, आणि ती धार खालच्या ‘र’वर येऊन ‘रे’ची मात्रा झाली आहे. यंत्राला हे सुचलं की नुसतं जुळून आलं, देव जाणे. पण ते सोडायचं नाही. बाकी बरंच बिघडलं आहे.

सगळ्यात आधी अक्षरं. ‘भांडी’मधला ‘भ’ बरोबर आहे. ‘भांडार’मध्ये मात्र ‘भ’च्या डोक्यावरची रेघ अखंड ओढली गेली, त्यामुळे सरळ ‘मांडार’ वाचलं जातं. पुतण्याच्या नजरेतून सुटलं, माझ्या सासूबाईंनी चष्मा न लावता पकडलं. शिवाय अनुस्वार एका शब्दात टिंब आहे, दुसऱ्यात लांबट ठिपका. इंग्रजी नाव मोठं आणि मराठी त्याच्या निम्मं, तेही चालणार नाही. पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत, असा नियम आहे आणि २०२२ पासून तो लहान दुकानांनाही लागू आहे. नियम नसता तरी मला मराठीच मोठं हवं होतं. अक्षरं कुठल्या तयार फॉन्टमधून उचलू नका, तुम्ही काढा. खरं सांगायचं तर तुमच्याकडे येण्याचं कारण तेच आहे.

दुसरं, तांब्या. गडूचा फुगवटा ठीक आहे, पण गळ्याचा काठ डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक झाला आहे. आमच्या गिऱ्हाइकाला असला तांब्या दिला तर तो परत आणून देईल. त्याहून वाईट म्हणजे मठारकाम. हातोडीचे ठोके बुडाच्या मधोमध सुरू होतात आणि गोल गोल वर चढतात, एका रांगेचा ठोका आधीच्या रांगेला किंचित झाकतो. चित्रात मात्र ते अंगावर गोवर उठल्यासारखे कुठेही पसरले आहेत. सगळे ठोके काढाच असं नाही, चार-पाच रांगा सूचकपणे दाखवल्या तरी पुरे. पण त्या रांगा असाव्यात. यासाठी एकदा दुकानात या. तीन मठारलेले गडू काढून ठेवते, हातात घेऊन फिरवून बघा. फोटोत प्रकाशाने फसगत होते.

आता वापराचं. फाइल १०२४ बाय १०२४ पिक्सेलची आहे. छपाईवाल्याने सांगितलं की चांगल्या छपाईला ती जेमतेम साडेतीन इंचांपर्यंत चालेल. आमची पाटी दहा फुटांची आहे. म्हणून चित्र रेषांमध्ये उतरवून हवं, कितीही मोठं केलं तरी फाटणार नाही असं. आपोआप रेषा काढून देणारी सोय असते म्हणे, पुतण्याने ती वापरून पाहिली. काठाला दाते पडले आणि वाकडा काठ तसाच वाकडा राहिला.

रंगही कमी करायचे आहेत. चित्रात केशरीपासून सोनेरीपर्यंत छटाच छटा आहेत आणि त्यामुळे तांबं पितळेसारखं दिसतं. पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी आणि खर्चही वेगळा. मला एकच रंग पुरे, तांब्याचा लालसर. बिलबुकासाठी काळा. आणखी एक जागा आहे, तिथली अडचण सगळ्यात मोठी. २०२७ च्या सिंहस्थासाठी आम्ही गोदावरीचं पाणी नेण्याचे छोटे गडू करून घेत आहोत, त्यांच्या बुडाला ठसा मारायचा आहे. ठसा १८ मिलिमीटरचा. ठसे करणारा म्हणतो, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धातूवर उठत नाही. तेवढ्या जागेत पूर्ण नाव बसवू नका. नुसता तांब्या, धार आणि ‘रे’ एवढंच असलेलं एक छोटं रूप करून द्या.

हे ‘थोडंसं नीट करण्याचं’ काम नाही, हे मला समजतं. पाच मिनिटांचं काम आहे असं म्हणून पाचशे रुपये पुढे करणारी गिऱ्हाइकं तुम्हालाही भेटत असतील. भांड्याला कल्हई करून घ्यायला येणारे आमच्याकडे तसंच बोलतात. मी ८,००० रुपये धरले आहेत. निम्मे आधी, निम्मे काम हातात आल्यावर. कमी वाटत असेल तर तुमचा आकडा सांगा, घासाघीस एकदाच करेन. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरा, तिसरी लागली तर तिचे पैसे वेगळे. मत एकट्या माझंच कळवीन. घरातल्या सहा जणांचे सहा मेसेज तुम्हाला येणार नाहीत.

आमच्या वकिलांनी दोन गोष्टी लिहायला सांगितल्या. लोगो ट्रेडमार्कसाठी २१ व्या वर्गात, म्हणजे घरगुती भांड्यांच्या वर्गात, नोंदवायचा आहे. त्यामुळे तुमच्या कामाचे हक्क दुकानाच्या नावे करून देणारा कागद सहीसकट लागेल. त्यात मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाचच वर्षं धरतात, म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घालू. मसुदा ते देतील, तुम्ही वाचून बदल सुचवा. दुसरं म्हणजे, तसंच वर्णन लिहिलं तर ॲप दुसऱ्या कुणालाही मिळतंजुळतं चित्र देऊ शकतं. तेव्हा धार आणि मात्रेची कल्पना ठेवून बाकीची रेघ न् रेघ तुमची असू द्या. मूळ चित्रावरून गिरवू नका. काम पाडव्यानंतर तुमच्या नावाने खुशाल दाखवा, माझी हरकत नाही.

पाडवा १९ मार्चला आहे. गुढीसाठी तांब्ये न्यायला त्याआधीचे पंधरा दिवस दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि नव्या पिशव्या मला तेव्हाच हव्यात. म्हणजे १५ फेब्रुवारीपर्यंत शेवटच्या फाइली हातात पाहिजेत. एसव्हीजी आणि पीडीएफ तर द्याच, शिवाय कोरलड्रॉची मूळ फाइलही द्या. इथले छपाईवाले तीच मागतात.

जमेल की नाही ते गुरुवारपर्यंत कळवा. नाही म्हणालात तर राग नाही. पण मग अक्षरांचं काम हाताने करणारं दुसरं कुणी माहीत असेल तर नाव सुचवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शैलजा कासार

ता. क. : येताना चारचाकी आणू नका. रविवार कारंजापासून आत शिरलात की अडकलात. आणि दुपारी दोननंतर या, सकाळी घाऊक माल उतरत असतो, त्या गोंगाटात बोलणं होत नाही.