औषधांच्या तुटवड्याची चॅट आणि तिच्यावरून कराडच्या वितरकासाठी तयार केलेल्या दोन ईमेल

मूळ चॅट (दुकानाच्या ग्रुपवर, ९ जुलै, रात्री ८.४०)

ताई, घाईत आहे, काउंटरला गर्दी. कराडला आत्ताच मेल टाक. डॉक्सी १०० च्या ४च स्ट्रिप राहिल्यात, २०० हव्या. डोलो ६५० पण शॉर्ट, ३००. ऑगमेंटिन ६२५ – ५०. ओआरएस १०० पाकिटं. मिक्स इन्सुलिन ३०/७० – २५, नीट थंड पाठवा म्हणावं, मागे जेल पॅक पार वितळून आलेला. थायरोनॉर्म ५० – १२ बाटल्या, इप्टॉइन १०० – ६ पॅक, या दोघांच्या जागी दुसरं काही नको!! अस्थालिन पंप १५. डोलो नसेल तर ६५० ची कुठलीही, ५०० नको. डॉक्सी कुठलीही चालेल. मागे न विचारता ३७५ पाठवल्या होत्या तेही लिही, पण गोड भाषेत. घाट बंद झाला तर वांधे.

मसुद्यांसोबतची चिठ्ठी

दादा, मागणी आणि पर्यायी औषधे हे दोन विषय मी वेगवेगळ्या ईमेलमध्ये ठेवले आहेत, कारण पहिली ईमेल बिल करणाऱ्याच्या हाती जाते आणि दुसरी त्यांच्या विक्री व्यवस्थापकांनी वाचायला हवी. इन्सुलिन व्हायल की कार्ट्रिज हे तुम्ही लिहिले नव्हते. आपले रुग्ण व्हायलच घेतात म्हणून तसे स्पष्ट लिहिले आहे. ऑगमेंटिन आणि अस्थालिनच्या पर्यायांबद्दल चॅटमध्ये काहीच नव्हते, म्हणून तिथे सावध भूमिका घेतली आहे. तेवढे दोन परिच्छेद पाहून मला होकार कळवा, म्हणजे दोन्ही ईमेल लगेच पाठवते.

ईमेल १

विषय: तातडीची औषध मागणी – चिपळूण – ११ जुलैपर्यंत पोहोच अपेक्षित

प्रति,
मा. व्यवस्थापक, मागणी विभाग,

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानातील पुढील औषधांचा साठा संपत आला असून ती आपल्या पहिल्या उपलब्ध गाडीने पाठवावीत, ही विनंती.

डॉक्सीसायक्लिन १०० मि.ग्रॅ. – २०० स्ट्रिप
डोलो ६५० – ३०० स्ट्रिप
ऑगमेंटिन ६२५ – ५० स्ट्रिप
ओआरएस, एक लिटर पाण्यासाठीचे पाकीट – १००
मानवी इन्सुलिन ३०/७०, ४० युनिट प्रति मि.ली., १० मि.ली. व्हायल – २५
थायरोनॉर्म ५० मायक्रोग्रॅम – १२ बाटल्या
इप्टॉइन १०० मि.ग्रॅ. – ६ पॅक
अस्थालिन इनहेलर, २०० मात्रांचा – १५

सर्व माल एकाच वेळी उपलब्ध नसेल, तर डॉक्सीसायक्लिन, इन्सुलिन आणि इप्टॉइन ही तीन औषधे आधी रवाना करावीत आणि उरलेला माल पुढील खेपेत द्यावा. सध्या भातलावणी सुरू असल्यामुळे दिवसभर चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसपासून बचावासाठी येथील डॉक्टर डॉक्सीसायक्लिन लिहून देत आहेत आणि आमच्याकडे तिच्या केवळ ४ स्ट्रिप शिल्लक आहेत. पावसाचा जोर पाहता कुंभार्ली घाटातील वाहतूक कधी थांबेल याचा भरवसा नाही. २०२१ च्या जुलैतील पूर अनुभवलेल्या या शहरात औषधांचा साठा आधीच हाताशी असलेला बरा, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

इन्सुलिनबाबत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली अशी, की आमचे बहुतेक रुग्ण लाल टोपणाची, ४० युनिटची सिरिंज वापरतात. तिच्यात १०० युनिटचे इन्सुलिन भरले गेल्यास रुग्णाला अडीच पट मात्रा जाते, म्हणून १०० युनिटची व्हायल किंवा कार्ट्रिज कोणत्याही परिस्थितीत पाठवू नये. दुसरी अशी, की मागील खेपेत जेल पॅक पूर्ण वितळलेल्या अवस्थेत मिळाला होता. या वेळी इन्सुलिन थर्मोकोलच्या पेटीत, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान टिकेल इतक्या जेल पॅकसह भरावे. मात्र व्हायल गोठलेल्या पॅकला थेट चिकटू देऊ नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन आम्हांला टाकूनच द्यावे लागते. पेटी चालकाच्या ताब्यात दिल्यावर दुकानात फोन करावा. आमचा माणूस स्टँडवर येऊन ती उतरवून घेईल.

गोळ्यांची मुदत किमान १२ महिने आणि इन्सुलिनची किमान ८ महिने शिल्लक असावी. बिलावर प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक, मुदत व छापील किंमत नमूद करावी. रक्कम नेहमीप्रमाणे २१ दिवसांच्या उधारीवर जमा होईल.

कोणता माल निघत आहे आणि कोणता शिल्लक राहत आहे, हे उद्या दुपारी १२ पर्यंत कळवावे.

आपला विश्वासू,
प्रोप्रायटर व नोंदणीकृत फार्मासिस्ट,
औषध दुकान, चिपळूण

ईमेल २

विषय: ९ जुलैच्या मागणीतील पर्यायी औषधे आणि २७ जूनच्या बिलातील परतीचा माल

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,

सप्रेम नमस्कार.

आजच्या मागणीतील एखादे औषध आपल्याकडे नसल्यास त्याऐवजी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे आधीच स्पष्ट करावे म्हणून हे स्वतंत्र पत्र.

डोलो ६५० उपलब्ध नसेल, तर कोणत्याही नामांकित कंपनीची पॅरासिटामॉल ६५० मि.ग्रॅ. पाठवावी, ५०० मि.ग्रॅ. नको. डॉक्सीसायक्लिन १०० मि.ग्रॅ. कोणत्याही कंपनीची स्वीकारली जाईल, कारण येथील डॉक्टर ती बहुधा मूळ नावानेच लिहितात. ओआरएस जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असावे. तयार गोड पेयाचे डबे त्याऐवजी चालणार नाहीत.

अस्थालिन नसल्यास साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम प्रति मात्रा असलेला दुसरा इनहेलर चालेल. लेव्होसाल्ब्युटामॉलचा इनहेलर किंवा रोटाकॅप मात्र आम्हांला विचारल्याशिवाय पाठवू नये, कारण पहिल्याची मात्रा वेगळी असते आणि दुसऱ्यासाठी रुग्णाकडे यंत्रच नसते.

थायरोनॉर्म आणि इप्टॉइन यांना पर्याय नको. थायरॉईडच्या गोळीची कंपनी बदलली तर डॉक्टरांना सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासावे लागते, आणि फेनिटॉइनची रक्तातील पातळी थोडी जरी खालीवर झाली तरी आटोक्यात असलेले झटके पुन्हा येऊ शकतात किंवा विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. ही दोन्ही औषधे नसतील तर तसे कळवावे. आम्ही अन्यत्र सोय करू.

ऑगमेंटिन ६२५ ऐवजी ५०० अधिक १२५ मि.ग्रॅ. याच प्रमाणाची अन्य कंपनीची गोळी आहे का, ते आधी फोनवर सांगावे. औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ (११अ) नुसार अनुसूची एच मधील लिहून दिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध देण्याची मुभा आम्हांला नाही. त्यामुळे डॉक्टरांशी बोलणे झाल्याखेरीज आलेला पर्याय कपाटात पडून राहतो.

याच अनुषंगाने नमूद करावेसे वाटते, की २७ जूनच्या बिलात ऑगमेंटिन ६२५ च्या जागी ३७५ च्या २० स्ट्रिप आल्या होत्या. गैरसोय टाळावी असाच आपला हेतू होता, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु ३७५ च्या दोन गोळ्या म्हणजे ६२५ ची एक गोळी नव्हे; त्यांत अमॉक्सिसिलिन जुळते, पण क्लाव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट होते आणि रुग्णाला जुलाब होण्याची शक्यता वाढते. या २० स्ट्रिप न उघडता बाजूला ठेवल्या आहेत. त्या परतीच्या गाडीने घ्याव्यात आणि त्यांची क्रेडिट नोट या महिन्याच्या हिशेबात धरावी.

यापुढे कोणताही पर्याय पाठवण्यापूर्वी सकाळी १० ते रात्री ९ या वेळेत दुकानाच्या फोनवर होकार घ्यावा आणि तो बिलावर लिहावा. आपल्या मागणी विभागालाही या पत्राची प्रत पाठवली आहे.

आपला विश्वासू,
प्रोप्रायटर व नोंदणीकृत फार्मासिस्ट,
औषध दुकान, चिपळूण