निविदा भरायची की सोडायची: बेसा भागातील सिमेंट नाली व रस्ता

दादा,

निविदेची रक्कम 1 कोटी 24 लाख, जीएसटी वेगळा. बी-1 नमुना, म्हणजे टक्केवारीचा दर. कागद अपलोड करण्याची शेवटची तारीख 24 एप्रिल. माझं मत आधीच सांगतो: आहे त्या अटींवर ही निविदा आपण भरू नये. वहिनींनाही हे टिपण वाचायला द्या, कारण बँकेत सही त्यांचीही लागते.

पात्रतेत आपण बसतो. अशाच कामाचा दाखला आहे, बिड कपॅसिटी निघते, डिजिटल सहीची मुदत शिल्लक आहे. तिथे अडचण नाही.

अडचण जमिनीत आहे. रविवारी जागेवर जाऊन आलो. अंदाजपत्रकात नालीखाली मुरूम आणि त्यावर पीसीसीचा पातळ थर एवढंच धरलं आहे. नालीच्या आखणीला लागून एका घराचा पाया खोदलाय. त्या खड्ड्यात उतरलो, तर माझ्या डोक्याच्या वरपर्यंत काळी माती आणि भिंतीत बोट जाईल एवढ्या भेगा. ही माती पावसात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार आणि पहिल्याच वर्षी नालीच्या जोडांना तडे जाणार. दोष दायित्व तीन वर्षांचं आहे, म्हणजे तोवर ते तडे आपणच बुजवायचे.

नीट काम करायचं तर अर्धा मीटर जास्त खोदून मुरूम भरावा लागेल. 620 मीटर लांबी, 1.2 मीटर रुंदी, म्हणजे 372 घनमीटर. खोदाई, वाहतूक, मुरूम आणि दबाई मिळून घनमीटरला 900 रुपये धरले तरी 3 लाख 35 हजार होतात. वाढीव परिमाण मंजूर झालंच, तर कलम 38 प्रमाणे 25 टक्क्यांपर्यंत ते आपल्याच खाली गेलेल्या दराने मिळेल. मंजुरी येईपर्यंत पैसा आपला. मंजुरीशिवाय तशीच नाली टाकून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. त्या वस्तीतल्या लोकांच्या दारातून ते पाणी जाणार आहे.

आता दर. आपला खर्च, कामगार उपकर आणि ऑफिसखर्च धरून, 1 कोटी 11 लाख 50 हजार येतो. 8 टक्के कमीने भरलं तर हातात 2 लाख 58 हजार उरतात. 10 टक्क्यांवर काहीच उरत नाही. या भागात त्याहून खाली जाणारे आहेत. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला म्हणून काहीजण दर आणखी उतरवतील. पण आपण क्रेडिट घेतो, त्यामुळे मूळ भाव उतरल्याशिवाय आपला खर्च कमी होत नाही. त्यांच्या मागे धावायचं नाही.

वेळही उलटी आहे. कार्यादेश जूनच्या आधी हातात येणार नाही आणि मुदत सहा महिने, पावसाळा धरून. 10 जून ते 30 सप्टेंबर नदीतून रेती काढायला बंदी असते. साठ्यातली रेती चढ्या भावाने घ्यावी लागेल, आणि भाववाढीचं कलम निविदेत नाही. काळ्या मातीत भर पावसात जेसीबी उतरवणं म्हणजे अर्धा दिवस काम, अर्धा दिवस चिखलातून मशीन ओढणं.

पैशाचं गणित सर्वांत जड आहे. पहिलं चालू बिल निघेपर्यंत सुमारे 38 लाख गुंतवावे लागतील. सीसी लिमिट 25 लाख, त्यातले 14 हिंगण्याच्या कामात अडकलेत. उरले 11, आणि गिट्टी-सिमेंटवाले उधारीवर देतील 10. तूट 17 लाखांची. हिंगण्याचं 13 लाखांचं बिल वेळेत आलं तरी 4 लाख कमी पडतात. नाही आलं तर शेकडा दोनने 17 लाख उचलायचे, म्हणजे महिन्याला 34 हजार व्याज. शिवाय प्रत्येक बिलातून आयकराचा टीडीएस 2 टक्के, जीएसटीचा टीडीएस 2, उपकर 1 आणि सुरक्षा ठेव 2 टक्के कापले जातात. करांचे पैसे पुढे वळते होतात, पण शनिवारी मजुरांचा चुकारा त्यातून करता येत नाही. गेल्या दिवाळीआधी तो दोन आठवडे लांबला, तेव्हा आपला जुना मिस्त्री काही न बोलता दुसरीकडे गेला. तसं पुन्हा होऊ देऊ नये, एवढी माझी विनंती आहे.

15 एप्रिलला निविदापूर्व बैठक आहे. तिथे मी दोन प्रश्न लेखी देतो: ट्रायल पिटचे निकाल काय आहेत, आणि मुदत पावसाळा वगळून मिळेल का. शुद्धिपत्रक काढून मातीचं काम अंदाजपत्रकात घेतलं, मुदत बदलली आणि तोवर हिंगण्याचं बिल खात्यात जमा झालं, तर 4 टक्के कमीपर्यंत भरू. त्याखाली नाही. यातलं एकही राहिलं तर बयाणा रकमेचे 1 लाख 24 हजार खात्यातच राहू द्या आणि हिंगण्याची उरलेली नाली पावसाआधी संपवू.

तुमचं उत्तर 14 तारखेच्या संध्याकाळपर्यंत हवं, म्हणजे पत्र टाइप करून ठेवतो.